फोटोतला निळा, घरातला हिरवा

प्रश्न: "पुढच्या महिन्यात भाचीचा साखरपुडा आहे. संध्याकाळी 7 वाजता, पुण्यातल्या एका लॉनवर. मी सख्खी मावशी, त्यामुळे धावपळ माझ्याकडेच. म्हणून साडीऐवजी महेश्वरीचा कुर्ता ऑनलाइन मागवला. फोटो सोबत पाठवतेय. फोटोत तो स्वच्छ निळा दिसतो, म्हणून त्याला मॅचिंग निळ्या सॅटिनच्या, पेन्सिल हिलच्या सँडलही मागवल्या. कुर्ता घरी आला तर हिरवट! काल रात्री दिव्याखाली तर जांभळा वाटला. फोटो दाखवत लक्ष्मी रोडवरची चार दुकानं पालथी घातली, काही जुळेना. कुर्त्याला पट्टीची कॉलर, पुढे जरीची बटणपट्टी, पाऊण बाह्या, घेराला सोनेरी काठ. लांबी 46 इंच, माझी उंची 5 फूट 1 इंच. खाली सरळ पँट, दुपट्टा नाही. मुलगी म्हणते ऑक्सिडाइज्ड घाल, ताई म्हणते सोन्याचंच. मला आईचा तन्मणी घालायचाय. सगळं मिळून 2,500 रुपये घालवायची तयारी आहे. नेमकं कशाला काय मॅच करू?" (गोंधळलेली मावशी, वय 46)

उत्तर: ताई, तुमचे डोळे ठीक आहेत आणि विकणाऱ्यानं फसवलं असंही मला वाटत नाही. आधी एक करा. कुर्ता उलटा करा आणि बाजूच्या शिलाईत जी माया सोडलेली असते, तिथली कापाची कड शोधा. तिथून एक उभा धागा आणि एक आडवा धागा सुईच्या टोकानं हलकेच ओढून काढा आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. माझी पैज आहे, एक जांभळा निघेल आणि दुसरा हिरवा.

याला आपल्याकडे धूपछाँव म्हणतात. ताण्याला एक रंग, बाण्याला दुसरा. महेश्वरीत बहुतेक वेळा उभा धागा रेशमी असतो आणि आडवा सुती. रेशीम चमकतं, सूत चमकत नाही. त्यामुळे प्रकाश ज्या कोनातून पडेल त्यानुसार कधी रेशमाचा रंग पुढे येतो, कधी सुताचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कुर्ता पुतळ्यावर आहे आणि प्रकाश समोरून सरळ मारलाय. कॅमेऱ्यानं दोन्ही रंगांची सरासरी काढली आणि तुम्हाला निळा दाखवला. म्हणजे जो रंग त्या कापडात धाग्याभरही नाही, त्याच्यावर तुम्ही सँडल मागवल्यात! त्या परत करायची मुदत उरली असेल तर आजच परत करा. दुसरं कारण खाली येईलच.

आता, फोटोशी मॅच करायचं हे गृहीतच मला जरा तपासायचंय. फोनचा कॅमेरा समोर पांढरं काय असेल याचा अंदाज बांधतो आणि बाकीचे रंग त्यावर बेततो. खोलीत पिवळा दिवा असेल तर तो फोटो निळसर करून "दुरुस्त" करतो, भिंत रंगीत असेल तर आणखी फसतो. मोरपंखी, रामा आणि राणी या तीन रंगांवर तर फोनची हमखास गफलत होते: मोरपंखी निळा होतो, राणी नुसता भडक गुलाबी. त्यात दुकानातल्या माणसाला तुम्ही तो फोटो तुमच्या पडद्यावर दाखवता, पडद्याचा उजेड कमी-जास्त, वर दुकानाच्या छताला पांढरेशुभ्र दिवे. तो बिचारा काय जुळवणार?

फोटो काढायचाच असेल तर सकाळी अकराच्या सुमारास खिडकीपाशी काढा, थेट ऊन पडणार नाही असा. घरातले सगळे दिवे बंद करा आणि कुर्त्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद निळसर आला तर कुर्ताही तेवढाच निळसर आलाय असं समजायचं, पिवळट आला तर पिवळट. कागद कागदासारखा दिसेपर्यंत जागा बदलत राहा. धूपछाँव असेल तर एक फोटो समोरून, एक तिरका आणि एक घेराच्या चुणीचा, असे तीन लागतात. पण खरं सांगू? दुकानात फोटोऐवजी कापडच न्यावं. शिवून घेतलेला कुर्ता असेल तर शिंप्याकडून कातरण मागून घ्यायचं. तयार कुर्त्याला कधी कधी आत जादा बटण आणि कापडाचा तुकडा जोडलेला असतो. तोही नसेल तर सरळ कुर्ता पिशवीत घालून न्या. लाज कसली त्यात?

पुढचा मुद्दा दिव्यांचा. सातला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे पहिली थोडी मिनिटं संधिप्रकाश आणि मग लॉनवरच्या माळा, झाडांवर सोडलेले दिवे, स्टेजवरचे पिवळे फोकस. पिवळ्या उजेडात निळा भाग फारच कमी असतो. म्हणून निळं आणि जांभळं काळपटतं, हिरवं थोडं मळकट होतं आणि सोनेरी, तांबूस, मोतिया रंग उजळतात. तुमचा कुर्ता त्या रात्री माणसांना बहुतेक गडद वांगी किंवा काळपट हिरवा दिसणार आहे, आणि सगळ्यात आधी नजर जाणार आहे ती काठाच्या जरीवर. घरीच करून बघा. डब्यावर "वॉर्म व्हाइट" लिहिलेला, 2700 किंवा 3000 केल्विनचा बल्ब मिळतो. तो हॉलमध्ये लावा, बाकीचे दिवे घालवा, कुर्ता हँगरवर दाराला अडकवा आणि दहा फुटांवर बसून चहा प्या. आठवडाभर फोटोकडे बघून जे कळलं नाही ते तेवढ्यात कळेल.

एवढं झालं की प्रश्न बराच सोपा होतो. कापडाचा रंग बदलत राहणार, पण काठाची जर बदलत नाही. म्हणून कुर्त्याला मॅच न करता जरीला मॅच करा. जर म्हणजे "सोनेरी" एवढंच म्हणून मात्र चालत नाही. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन होते, तिचा पिवळा शांत असतो. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेल्या जरीला टेस्टेड जर म्हणतात. तिच्यात जरा तांबूस झाक असते आणि जुनी झाली की ती काळवंडते. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे चकचकीत पट्टीचा धागा. ती लिंबासारखी पिवळी आणि एकसारखी चमकते. ऑनलाइन मिळणाऱ्या कुर्त्यांवर बहुधा दुसरी नाहीतर तिसरी असते. त्यात वाईट काही नाही, पण दागिना तिच्या शेजारी ठेवून बघायला हवा. तांबूस जरीवर लिंबू-पिवळ्या पॉलिशचे झुमके ठेवलेत तर दोन्हींपैकी एक खोटं वाटतं, आणि नेहमी महागातलंच खोटं वाटतं. तुमच्या फोटोत काठाचा भाग मोठा करून पाहिला तर मला जर जुनाट, तांब्याकडे झुकणारी वाटते. पण फोटोबद्दल एवढं बोलून झाल्यावर मी त्याच्यावर विश्वास ठेवणं बरं नव्हे, तुम्हीच काठ हातात घेऊन ठरवा.

म्हणजे मुलगी हरली आणि ताई जिंकली का? अगदी तसं नाही. ऑक्सिडाइज्ड दागिना हा काळपट चांदीचा, आणि त्याची मजा नक्षीच्या उठावात. गडद कापडावर, पिवळ्या उजेडात तो उठाव दिसतच नाही, कानात काहीतरी काळं लटकतंय एवढंच कळतं. शिवाय गळ्यात तुमचं मंगळसूत्र सोन्याचं, काठ सोनेरी, मध्येच चांदी उपरी वाटते. हाच कुर्ता रुपेरी जरीचा असता आणि समारंभ दुपारचा असता तर मी मुलीच्या बाजूनं उभी राहिले असते. ताईंचंही पूर्ण बरोबर नाही. सोनं हवं, पण लॉनवरच्या गर्दीत, सतत उठबस करताना अस्सल सोनं सांभाळत बसायची गरज नाही. एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचे मॅट झुमके चालतील. जरीशेजारी धरून घ्या म्हणजे झालं.

तन्मणीबद्दल मात्र मला जड मनानं नाही म्हणावं लागतंय. मोत्यांच्या सरांना आणि खाली लोंबणाऱ्या त्या खोडाला मागे मोकळी मान हवी, नाहीतर साधं कापड. तुमच्या कुर्त्याला पट्टीची कॉलर आहे, तिच्याखाली जरीची बटणपट्टी, आणि त्यावर मंगळसूत्र. तन्मणी कॉलरवरून सोडलात तर सर तिरके बसतात, खोड बरोबर बटणांवर येतं आणि वाकून ओटी भरताना ते ताटात जातं. कॉलर ही स्वतःच गळ्यातला दागिना असते, तिच्यावर दुसरा चढवायचा नसतो. तन्मणी लग्नाच्या दिवशी साडीवर घाला. आईचं काहीतरी अंगावर हवंच असेल, आणि मला वाटतं मूळ इच्छा तीच आहे, तर तिच्या मोत्याच्या कुड्या असतील तर त्या घाला. पिवळ्या दिव्यात मोती फार सुंदर दिसतो, आणि मग झुमके विकत घ्यायचीही गरज नाही. कुड्या लहान वाटल्या तर त्यांना सोनेरी किंवा मोत्याचे कानावरून जाणारे वेल जोडा.

पाऊण बाह्यांमुळे मनगट उघडं राहतं. एका हातात दोन पाटल्या किंवा एक गोठ, दुसऱ्या हातात रोजचं घड्याळ, पुरे. एकच काळजी घ्या: ज्याच्या नक्षीला टोकं आहेत असं काही नको. महेश्वरीची वीण हलकी असते, बांगडीच्या टोकात धागा अडकला की काठापर्यंत रेघ ओढली जाते आणि ती परत बसत नाही. बांगडी विकत घेताना जुन्या ओढणीवरून फिरवून बघायची, अडकली तर ठेवून द्यायची.

आता पाय. इथे मी तुमच्या दुसऱ्या गृहीताशी भांडणार आहे, की चप्पल कुर्त्याच्या रंगाची हवी. शिंप्याच्या टेपनं मोजा: तुमच्या उंचीला खांद्यापासून जमिनीपर्यंत साधारण 50 ते 51 इंच भरतील. 46 इंचांचा कुर्ता म्हणजे जमिनीपासून चार-पाच इंच वर संपणार. त्यात पँटची पट्टी आली, की चपलेचा जेमतेम पुढचा भाग दिसतो, आणि तोही काठाच्या अगदी खाली. म्हणजे चपलेची शेजारीण काठाची जर आहे. म्हणून चपलेला जुनाट सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकणारा सोनेरी रंग चांगला. आरशासारखा चकाकणारा नको, कारण मग काठ फिका पडतो.

पेन्सिल हिलचं दुसरं कारण म्हणाले होते, ते हे लॉन. माझ्या एका दिराच्या स्वागत समारंभाला मी असल्याच टाचा घालून गेले होते. संध्याकाळी हिरवळीवर पाणी मारलेलं, दर चार पावलांनी टाच मातीत रुतायची, आणि मी सासूबाईंच्या मैत्रिणींसमोर एक पाय बुटात, एक पाय हवेत अशी उभी! लॉनला रुंद टाच किंवा अखंड तळाची वेज. तुम्हाला दीड ते दोन इंच पुरेत. तेवढ्यानं काठ जमिनीपासून सहा-सात इंचांवर येईल, पँट दिसेल आणि तुम्ही कुर्त्यात बुडाल्यासारख्या वाटणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही मावशी आहात, पाहुणी नाही. भाचीला ओवाळायचं, ओटी भरायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, फोटोला बोलावलं की पुन्हा स्टेजवर. पूजेचा चौरंग असेल तिथं चप्पल काढायचीच. संध्याकाळभरात पाच-सहा वेळा तरी काढघाल होणार. बक्कल लावायची सँडल म्हणजे दर वेळी वाकायचं आणि कुणाच्या तरी खांद्याचा आधार घ्यायचा. म्हणून पाय सरकवला की झालं अशी हवी. आणि हो, तुमचे पाय बराच वेळ अनवाणीच दिसणार आहेत, तेव्हा जोडवी घासून उजळून घ्या. बारीक पैंजण असतील तर घाला. चपलेइतकीच नजर तिथेही जाते.

कोल्हापुरी चालेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण दर समारंभाच्या हंगामात पाच जणी तरी विचारतात, म्हणून सांगते. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते पाणी पितं, फुगतं आणि वाळलं की आकसून वेडंवाकडं होतं. ओल्या लॉनवर तिची एका रात्रीत वाट लागते. कार्यालयात, फरशीवर समारंभ असता तर मी तुम्हाला तीच घ्यायला सांगितली असती, बारीक वेणीची आणि सोनेरी पट्ट्याची. त्या वेळीही पंधरा दिवस आधी घेऊन, आतून एरंडेल किंवा खोबरेल लावून, घरात घालून मुरवावी लागते. नवीकोरी घातली तर अंगठ्याशी आणि कानाच्या कडेला हमखास चावते. जुतीचंही तेच, ती टाचेला कापते. पारंपरिक जुतीत तर डावं-उजवं असं काही नसतंच, रोज घालून पायच तिला आकार देतो. तेव्हा दोन-तीन संध्याकाळी त्याच त्या पायात घालायच्या, अदलाबदल करायची नाही.

चप्पल विकत घ्यायला संध्याकाळीच जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, समारंभातही तसेच असणार. दोन्ही पाय घालून बघा, एक बहुधा किंचित मोठा असतो, माप त्याचं. घरी आणून पहिल्यांदा चादरीवर किंवा सतरंजीवर चालून बघा म्हणजे तळ स्वच्छ राहील आणि बदलून मिळेल. आणि पँटची लांबी अजून कायम केली नसेल तर थांबा. आधी चप्पल, मग ती घालून शिंप्यासमोर उभं राहायचं, मग खालची पट्टी दुमडायची. उलट क्रमानं केलं की पँट घोट्यावर चढते नाहीतर टाचेखाली येते.

बटव्यात मात्र रंगाची हौस भागवा. तुमच्या कापडात लपलेला तो जांभळा आठवा. बटवा त्या जांभळ्याचा घ्या, आणि तेवढाच. चप्पल, बटवा, झुमक्यातले खडे सगळंच जांभळं केलं तर संच भाड्यानं आणल्यासारखा वाटतो. बटव्याचा जांभळा कुर्त्याच्या जांभळ्याशी तंतोतंत जुळावा असा हट्टही नको. धूपछाँवमध्ये तो रंग कुणाला पक्का दिसतच नाही, एक छटा इकडेतिकडे चालते. मिणमिणत्या दिव्यात तो काळा पडू नये म्हणून गडदपेक्षा थोडा उजळ घ्या. तळ सपाट हवा, तुमचा फोन आडवा न करता आत जायला हवा, आणि मनगटात अडकवायला बंद हवा. नाडी ओढायच्या बटव्याला उघडताना दोन हात लागतात आणि तुमच्या एका हातात कायम ताट असणार. दुकानात फोन घालून, एका हातानं उघडून बघा. बाहेरून जरदोजीची खडबडीत नक्षी असेल तर सोडून द्या, ती मांडीवर ठेवली की कुर्त्याचा धागा धरते.

2,500 रुपयांचं म्हणाल तर निम्म्याहून अधिक पायांवर खर्च करा आणि उरलेल्यात बटवा. कुड्या आईच्या, पाटल्या घरातल्या. काही पैसे उरतीलसुद्धा, आणि निळ्या सँडलचे परत आले तर फारच बरं.

ज्यांचा कुर्ता अजून वाटेतच आहे अशा बाकीच्या वाचकांसाठी: चप्पल कुर्त्यासोबत मागवूच नका. तो हातात येईपर्यंत विकणाऱ्याच्या फोटोऐवजी ग्राहकांनी घरात काढलेले फोटो बघा. दहा वेगवेगळ्या घरांतल्या उजेडात जो रंग सारखा दिसतो तो खरा, दहा ठिकाणी दहा दिसला तर धूपछाँव समजा. एका गृहस्थांनी मोतिया रंगाच्या कुर्त्यावर ऑफिसचे काळे बूट चालतील का असं विचारलंय. दादा, नाही चालणार. फिक्या कुर्त्याखाली काळा बूट रात्री पायापासून तुटल्यासारखा दिसतो. तपकिरी मोजडी घ्या, आणि घड्याळाचा पट्टा काळा असेल तर तोही त्या दिवसापुरता तपकिरी लावा.

आणि मावशी, ते दोन ओढलेले धागे फेकू नका. कागदावर चिकटपट्टीनं लावून पर्समध्ये ठेवा. बटवा घ्यायला जाल तेव्हा दुकानदारासमोर फोनऐवजी तो कागद धरा, आणि शक्यतो दुकानाच्या दाराशी, बाहेरच्या उजेडात.